स्वागताच्या सोळा ओळी

महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत जून महिन्यात नवे मुख्याध्यापक रुजू होतात. याचे एक कारण गमतीचे आहे. मागच्या पिढीत शाळेत नाव घालताना कित्येकांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने १ जून अशी लिहून टाकली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत असल्यामुळे ३१ मे रोजी एकाच दिवशी पुष्कळ शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी जातात. शाळा उघडते तेव्हा कार्यालयातली खुर्ची बदललेली असते, आणि पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात नव्या व्यक्तीच्या स्वागताचा कार्यक्रम ठरतो. त्या कार्यक्रमात बहुधा एक स्वागतगीत असते. हे स्वागतगीत कसे असावे, आणि मुळात असावे का, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु मुलांनी अधिकारपदावरील व्यक्तीशी सार्वजनिक ठिकाणी कोणत्या भाषेत बोलावे, याचा पहिला धडा त्यांना तिथेच मिळत असल्यामुळे त्यावर थोडा विचार करायला हवा, असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. स्वागताचे पद्य असावे, पण ते चार कडव्यांचे असावे, मुलांनी रचलेले असावे, त्यात स्तुती नसावी आणि तिसऱ्या कडव्यात एक, केवळ एक, अपेक्षा सुचवलेली असावी.

प्रचलित स्वागतगीताचे दोन प्रकार मी अनेक वर्षे मराठी शिकवताना पाहिले. पहिला प्रकार चित्रपटगीताच्या चालीवर शब्द बसवण्याचा. चाल आधीच ठरलेली असल्याने शब्द तिच्यात कोंबले जातात, आणि ‘मुख्याध्यापक’ हा पाच अक्षरांचा जड शब्द जिथे मूळ गाण्यात नायिकेचे नाव होते तिथे जाऊन बसतो. ऐकणाऱ्यांच्या मनात मूळ गाणे वाजत राहते ते वेगळेच. दुसरा प्रकार संस्कृत वळणाचा आहे. शाळेतले एखादे ज्येष्ठ शिक्षक शार्दूलविक्रीडितात चार श्लोक लिहितात, आणि हेच वृत्त मंगलाष्टकांचे असल्यामुळे व्यासपीठावर उभ्या असलेल्या नव्या मुख्याध्यापकांना आता कोणी अक्षता टाकील की काय, असे क्षणभर वाटून जाते. या वृत्तात एका चरणात १९ अक्षरे असतात आणि प्रत्येक अक्षराचा लघु-गुरू क्रम ठरलेला असतो. आठवीतल्या मुलाला तो क्रम सांभाळता येत नाही, म्हणून रचना शिक्षक करतात आणि मुले न समजलेले शब्द पाठ म्हणतात.

चालीचा आणि वृत्ताचा हा दोष परवडला. खरा दोष आशयाचा आहे. ‘आपल्या आगमनाने शाळा धन्य झाली’, ‘अंधारात दीप उजळला’, ‘आपण ज्ञानाचा महासागर’ या ओळी कुणाही नव्या व्यक्तीला लागू पडतात, त्यामुळे त्या कुणालाच उद्देशून नसतात. शिवाय पहिल्या दिवशी नव्या मुख्याध्यापकांनी या शाळेत अजून काहीही केलेले नसते, आणि जे झाले नाही त्याची स्तुती म्हणजे खोटे बोलणे. ‘अंधारात दीप’ या ओळीत आणखी एक काटा आहे. निवृत्त झालेले आधीचे मुख्याध्यापक अनेकदा त्याच कार्यक्रमाला पाहुणे म्हणून बोलावलेले असतात. ते पहिल्या रांगेत बसून आपल्या ३० वर्षांच्या नोकरीला मुलांच्या तोंडून ‘अंधार’ म्हटलेले ऐकतात. ओळ लिहिणाऱ्याच्या मनात असे काही नसते हे खरे, पण ओळ तेच बोलते.

मग स्तुतीशिवाय उबदारपणा कुठून आणायचा? माझ्या मते तो ठिकाणाच्या तपशिलातून येतो. नव्या घरात आलेल्या माणसाला आपण ‘तुम्ही थोर आहात’ असे म्हणत नाही, तर पाणी इथे आहे, चप्पल तिथे काढा, या खिडकीतून वारा येतो, असे सांगतो, आणि त्यातूनच त्याला घरचे वाटू लागते. शाळेच्या स्वागतातही मुलांनी नव्या व्यक्तीला आपली शाळा दाखवावी. जे खरे आहे, डोळ्यांसमोर आहे आणि या एकाच शाळेचे आहे, तेवढेच सांगावे.

एका गावातल्या माध्यमिक शाळेत मुलांसोबत बसून असे पद्य रचण्याची संधी मला काही वर्षांपूर्वी मिळाली. नवीन मुख्याध्यापिका बढतीवर दुसऱ्या गावाहून येणार होत्या. नववीच्या वर्गातली सात-आठ मुले-मुली रचनेला बसली. छंद निवडताना मी देवद्वार छंद सुचवला, कारण तो त्यांच्या कानात आधीपासूनच होता. हरिपाठातील ‘देवाचिये द्वारी’ या अभंगाशी या छंदाचे नाव जोडलेले आहे, आणि गावातली बहुतेक मुले तो अभंग घरी किंवा देवळात ऐकून वाढलेली असतात. त्याची घडण सोपी आहे. पहिले तीन चरण प्रत्येकी सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणात यमक. लघु-गुरूचा जाच नाही. जोडाक्षर एकच धरायचे, इतके सांगितले की मुले बोटांवर मोजू लागतात. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा असल्यामुळे तिथे आवाज आपोआप थांबतो, आणि थांबलेल्या जागी पडलेला शब्द ऐकणाऱ्याच्या मनात राहतो. ही तोकडी जागाच मला या छंदात सर्वांत मोलाची वाटते, कारण अपेक्षा सुचवायची ती तिथे.

पहिले कडवे मुलांनी तासाभरात केले:

आला जून, आल्या
पावसाच्या सरी,
बाई, या हो घरी
आपुल्याच.

या कडव्यात काही विशेष नाही, आणि तसे असायलाही नको. दाराशी आलेल्याला ‘या’ म्हणायचे असते. एका मुलीने ‘बाई’ऐवजी ‘मॅडम’ हवे असा आग्रह धरला, कारण शाळेत आता सगळ्यांना मॅडमच म्हणतात. ‘मॅडम, या घरी’ हा चरणही सहा अक्षरांचाच भरतो, आणि उद्या पुरुष मुख्याध्यापक आले तर ‘सर, या हो घरी’ हाही भरतो. मुलांनी मते घेतली आणि ‘बाई’ राहिले. अडचण वेगळीच आली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत पावसाचा थेंब नव्हता. खोटे बोलायचे नाही असे ठरलेले होते, म्हणून ‘आल्या’च्या जागी एका मुलाने ‘मागू’ सुचवले. शब्द चांगला होता, पण मागणे एकच करायचे आहे आणि ते पुढे आहे, असे सांगून मी तो नाकारला. शेवटी ‘आला जून, पाहू पावसाच्या सरी’ असे म्हटले गेले.

दुसऱ्या कडव्यात शाळा दाखवायची होती. मुलांची पहिली यादी लांबलचक होती: मैदान, प्रयोगशाळा, नवी बाके, स्वच्छतागृह, चिंचेचे झाड, घंटा. नवी बाके लिहिली ती कुणीतरी देणगीदाराला बरे वाटावे म्हणून, हे त्यांनी हसत कबूल केले. शेवटी ज्या वस्तू दुसऱ्या शाळेत तशाच्या तशा नसतील त्या दोनच ठेवल्या:

चिंच ही अंगणी,
घंटा तिच्या खाली,
ओळखीची झाली
आज तुम्हा.

आता तिसरे कडवे. अपेक्षा कोणती मांडायची यावर दोन दिवस गेले, आणि माझ्या मते हे दोन दिवस सगळ्या उपक्रमातले खरे शिक्षण होते. गणिताला शिक्षक नाहीत, ही सर्वांत मोठी तक्रार होती. परंतु शाळेत किती शिक्षक असावेत हे संचमान्यतेने ठरते आणि भरती राज्य सरकारच्या ‘पवित्र’ या पोर्टलमार्फत होते. मुख्याध्यापिका रिक्त पदाची माहिती वर कळवू शकतात, त्याहून अधिक त्यांच्या हातात फारसे नाही. भर सभेत जी गोष्ट ऐकणाऱ्याच्या हातातच नाही ती मागणे म्हणजे त्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी असहाय ठरवणे. नवीन वर्गखोलीचेही तसेच, कारण तिथे संस्थेचा निधी लागतो. सहल लांबची हवी, ही मागणी मुलांनी स्वतःच काढून टाकली, कारण सगळ्यांच्या घरी पैसे नव्हते. अशी चाळणी लावता लावता एक मागणे उरले, ते म्हणजे पुस्तकांचे कुलूपबंद कपाट.

या कपाटाची गोष्ट जरा सांगावी लागेल, कारण महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत ती अशीच आहे. लहान शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल नसतो. ग्रंथालयाचा कार्यभार एखाद्या विषयशिक्षकाकडे दिला जातो, आणि त्यासोबत दाखल नोंदवहीवर त्यांची सही येते. लेखापरीक्षणात पुस्तक कमी आढळले तर उत्तर त्यांनी द्यायचे असते, प्रसंगी किंमतही भरावी लागते. मुलांच्या हाती गेलेले पुस्तक फाटते, भिजते, मामाच्या गावी राहून जाते. त्यामुळे सर्वांत सुरक्षित पुस्तक म्हणजे कुलपातले पुस्तक, हा निष्कर्ष कोणताही समंजस माणूस काढील. कुलूप आळसाने लागलेले नसते, भीतीने लागलेले असते. ही भीती काढण्याचे काम मात्र मुख्याध्यापिका करू शकतात. आठवड्यातला एक तास देवघेवीसाठी ठरवून देणे, वापरात झिजलेली पुस्तके रीतसर निर्लेखित करण्याचा प्रस्ताव पुढे पाठवणे, आणि हरवलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी एकट्या शिक्षकाला धरले जाणार नाही असे स्पष्ट सांगणे, एवढे त्यांच्या अधिकारात आहे आणि त्याला खर्चही जवळजवळ नाही.

मुलांचा पहिला खर्डा असा होता: ‘कुलूप उघडा, पुस्तके आम्हाला द्या हो आता.’ छंदात बसत नव्हते ते बाजूला ठेवू, पण कुलूप हा शब्द आला की कुलूप कोणी लावले हा प्रश्नही येतो, आणि ज्यांच्याकडे किल्ली होती ते शिक्षक त्या वेळी व्यासपीठाजवळच उभे राहणार होते. स्वागताच्या ओळीत तिसऱ्याच माणसावर आरोप झाला असता. दुसरा खर्डा याच्या उलट टोकाचा होता: ‘ज्ञानाची गंगा वाहू द्या.’ यात कुणाला दुखावण्याचा धोका नव्हता, कारण काही म्हटलेलेच नव्हते. आरोप आणि पोकळ शब्द यांच्या मधली वाट शोधायची होती. ती एका अबोल मुलीला सापडली. कपाटाच्या काचेतून पुस्तके उभी दिसतात, ती तारेवर बसलेल्या पाखरांसारखी दिसतात, असे ती म्हणाली.

कपाटात आहे
पुस्तकांचा थवा,
उडायाला हवा
हात एक.

या कडव्यात कुलूप नाही, किल्ली नाही, कुणाचे नाव नाही. ‘द्या’ किंवा ‘करा’ असे आज्ञार्थी क्रियापद नाही. हात कोणाचा हेही सांगितलेले नाही. तो मुख्याध्यापिकांचा असू शकतो, कार्यभार असलेल्या शिक्षकांचा असू शकतो, मुलांचा स्वतःचाही असू शकतो. तरीही ज्याला समजायचे त्याला समजते, आणि ते समजते नेमके तोकड्या चौथ्या चरणात, जिथे आवाज थांबतो. सूचक मागणे संदिग्ध असते असा एक समज आहे. हे कडवे पाहिले तर लक्षात येईल की वस्तू अगदी ठरलेली आहे, ते एकच कपाट. सूचकता आहे ती फक्त जबाबदारी कोणावर टाकायची याबाबत.

चौथे कडवे मी आग्रहाने करून घेतले. मागणाऱ्याने आपल्या बाजूने काय देणार हे सांगितले की मागण्याचा सूर बदलतो:

वाचून ठेवू ती
पुन्हा जागेवरी,
एवढीच खरी
खात्री देतो.

मुलांना ‘शाळेचे नाव जगात गाजवू’ असे लिहायचे होते. ते मोठे वचन होते आणि कोणीच पाळले नसते. पुस्तक जागेवर ठेवणे हे पाळता येण्याजोगे वचन आहे, शिवाय किल्ली सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या मनातली भीती नेमकी त्याच ठिकाणी आहे. म्हणजे वरवर मुख्याध्यापिकांना उद्देशून असलेले हे कडवे खरे तर त्या शिक्षकांना दिलेले उत्तर होते. हे मला तेव्हा सुचले नव्हते. सरावाच्या वेळी ते शिक्षक चौथे कडवे ऐकून हसले, तेव्हा लक्षात आले.

चार कडव्यांची मिळून अक्षरे भरतात ८८. सावकाश, प्रत्येक चौथ्या चरणानंतर श्वास घेऊन म्हटले तरी पाऊण मिनिट लागते. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात, आणि माझी एक साधी कसोटी अशी आहे की परिपाठातले कोणतेही स्वागत राष्ट्रगीताहून लांब असू नये. परिपाठात मुले उभी असतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बातम्या, दिनविशेष एवढे आधीच असते. जूनमध्ये ऊन असेल तर सातव्या-आठव्या मिनिटाला पाचवीतली दोन-तीन मुले भोवळ येऊन खाली बसतात, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. दहा कडव्यांचे स्वागतगीत त्या मुलांच्या पायांवर उभे असते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिला असा की मुलांनी पहिल्याच दिवशी वडीलधाऱ्यांकडे काही मागणे हा आगाऊपणा आहे, स्वागत म्हणजे निखळ स्वागत असावे. या आक्षेपाला मी आपल्या परंपरेनेच उत्तर देईन. ज्या शाळांत हा आक्षेप घेतला जातो त्यांतल्या कित्येक शाळांत रोज पसायदान म्हटले जाते, आणि पसायदान हे मागणेच आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस, शके १२१२ मध्ये, एवढे मोठे काम पुरे केल्यावर ज्ञानदेव मागतात, आणि त्या मागण्यात स्वतःसाठी काही नाही. आदराच्या जागी मागू नये असे आपल्या भाषेने कधी म्हटलेले नाही. सर्वांसाठी मागावे आणि आवाज न चढवता मागावे, एवढेच तिने शिकवले आहे. मुलांनी लांबची सहल यादीतून काढली ती याच कसोटीवर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांना काही हवे असेल तर त्यांनी ते सरळ सांगावे, आडून बोलायला शिकवणे म्हणजे सत्तेपुढे वाकायला शिकवणे, असे काही तरुण शिक्षक म्हणतात. मला त्यांचा रोख समजतो आणि बराचसा पटतोही. सरळ बोलण्याची सवय शाळेने लावलीच पाहिजे. पण त्यासाठी जागा आहेत आणि त्या वापरात आणायला हव्यात. वर्गप्रतिनिधींची सभा आहे, तक्रारपेटी आहे, आठवीपर्यंतच्या अनुदानित व सरकारी शाळांसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितलेली शाळा व्यवस्थापन समिती आहे, जिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. या जागांचा समान गुण असा की तिथे समोरच्याला प्रश्न विचारता येतो, अडचण सांगता येते, ‘नाही’ म्हणता येते. परिपाठात हे शक्य नसते. चारशे मुलांसमोर उभ्या असलेल्या नव्या मुख्याध्यापिकांना थेट मागणीवर दोनच गोष्टी करता येतात: काही माहिती नसताना आश्वासन देणे, किंवा गप्प राहून अवघडणे. दोन्हींमुळे मुलांचेच नुकसान होते. सूचक कडव्याला मात्र तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागत नाही. ते ऐकून घेता येते आणि नंतर कार्यालयात बसून त्यावर विचार करता येतो. आडून बोलणे इथे वाकण्यासाठी नाही, समोरच्याला वेळ देण्यासाठी आहे. तक्रारपेटीत टाकायची चिठ्ठी मात्र याच भाषेत लिहिली तर ती मला चालणार नाही. तिथे ‘कपाट दोन वर्षे उघडले नाही’ असे सरळ लिहावे.

या रीतीची मर्यादाही आहे. शाळेत काही खरोखर गंभीर घडत असेल, मुलांना मारहाण होत असेल, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नसेल, तर ते कडव्यात गुंफू नये. गंभीर गोष्टीला छंद लावला की ती ऐकणाऱ्याला गोड वाटते, आणि गोड वाटलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही. कपाटासारखी, थोड्या इच्छेने सुटणारी, कुणाच्या जिवाशी न आलेली गोष्टच या जागी शोभते.

म्हणण्याच्या पद्धतीबद्दल थोडेसे. आम्ही चार मुलांना एकेक कडवे वाटून दिले, कारण पन्नास जणांच्या समूहस्वरात चौथ्या चरणातला थांबा टिकत नाही. कोणीतरी आधीच पुढे धावतो. पेटी-तबला घेतला नाही. पद्याची चौकट करून ती कार्यालयात लावावी, अशी सूचना एका पालकाने केली होती, तीही मी मान्य केली नाही. भिंतीवर रोज दिसणारी अपेक्षा ही सूचना राहत नाही, ती फलक होते. मुलीच्या अक्षरात लिहिलेला कागद, दुमडून, गुलाबाच्या फुलासोबत हातात दिला गेला.

कपाट उघडले का, असे मला पुढे अनेकांनी विचारले. त्या दिवशी बाईंनी कडव्यांबद्दल काहीच म्हटले नाही. पाहुण्यांचे आभार मानले, मुलांना बसायला सांगितले आणि ऊन वाढते आहे म्हणून परिपाठ लवकर संपवला. त्याच आठवड्यात त्यांनी ग्रंथालयाची देवघेव नोंदवही कार्यालयात मागवून घेतली, एवढे मला कळले. तिच्यातली शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली होती.